मराठी कॅम्पेन, कन्नड कॅम्पेन आणि बघणारी आत्या एकच

*ताई, नमस्कार. बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे. बाबा गल्ल्यावर असतात, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती मी बघतो. एकाच अकाउंटवर चार कॅम्पेन चालू आहेत: बेळगावसाठी एक मराठी आणि एक कन्नड, खानापूरसाठी वेगळं आणि लग्नाच्या बस्त्यासाठी चौथं. प्रत्येकाला रोज 250 रुपये. आधी व्हॉट्सअ‍ॅपवरची एक चौकशी 28 रुपयांना पडायची, आता 61 ला पडते. अनगोळची आत्या म्हणते, "अरे, दिवसभर तुमच्याच साड्या दिसतात, कधी मराठीत, कधी कन्नडात." पण मी बघतो तर एकाही कॅम्पेनची फ्रिक्वेन्सी 3 च्या वर नाही. मित्र म्हणतो, तू स्वतःच्याच विरुद्ध बोली लावतोयस. खरं आहे का? आणि यातलं कोणतं बंद करू? स्क्रीनशॉट सोबत पाठवलेत.*
*— एक वाचक, शहापूर*

दादा,

आत्याचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमच्या स्क्रीनवरचे आकडेही खोटे नाहीत. तुम्ही कॅम्पेनच्या चार ओळी वाचल्यात, त्यांच्या खालची पाचवी ओळ वाचायची राहिली. तिथूनच सुरुवात करू.

Ads Manager मध्ये सगळ्या कॅम्पेनच्या तळाशी एक एकत्र ओळ असते. तिच्या डाव्या बाजूला Results from 4 campaigns असं लिहिलेलं दिसेल. तिच्यात इंप्रेशन, म्हणजे जाहिरात एकूण किती वेळा दिसली तो आकडा, चारही कॅम्पेनची बेरीज करून येतो. रीच मात्र बेरजेने येत नाही. रीच म्हणजे किती माणसांना जाहिरात दिसली. इंप्रेशनला रीचने भागलं की फ्रिक्वेन्सी मिळते, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली तो आकडा. एकच बाई चारही कॅम्पेनमध्ये सापडली असेल, तर वरच्या चार ओळींत ती चारदा मोजली जाते आणि खालच्या ओळीत एकदाच. म्हणून आत्याला काय दिसतंय हे खालची ओळ सांगते. वरच्या ओळी फक्त त्या-त्या कॅम्पेनने तिला किती वेळा गाठलं एवढंच सांगतात.

तुमच्या 30 दिवसांच्या स्क्रीनशॉटमधून आकडे उतरवून घेतले. मराठी कॅम्पेनचा रीच 42,000 आणि इंप्रेशन 1,09,200, म्हणून फ्रिक्वेन्सी 2.6. कन्नडचा रीच 38,000 आणि फ्रिक्वेन्सी 2.4. खानापूरचा 15,000 आणि 2.9. बस्त्याचा 30,000 आणि 2.2. सगळं कसं आटोक्यात दिसतं. आता चौघांचा रीच मिळवा: 1,25,000. खालच्या ओळीत रीच किती लिहिलाय? 54,000. इंप्रेशन मात्र सगळे मिळून 3,09,900 आहेत. त्याला 54,000 ने भागा, 5.74 येतात. तुमच्या अकाउंटची खरी फ्रिक्वेन्सी ही आहे आणि ती त्या ओळीत छापलेलीही आहे, फक्त स्क्रोल करून खाली जावं लागतं.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. 1,25,000 ला 54,000 ने भागलं तर साधारण 2.3 येतात. म्हणजे तुमची जाहिरात पोचलेली प्रत्येक बाई सरासरी सव्वादोन कॅम्पेनच्या तावडीत आहे. ही सरासरी झाली. खानापूर रोडवरच्या एखादीला एकदाच दिसली असेल, तर आत्यासारखीला पंधरा-वीस वेळा.

आता मित्राच्या बोलण्याकडे येऊ, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्याने पुष्कळ लोक चुकीचा उपाय करतात.

जाहिरात दाखवायच्या प्रत्येक जागेसाठी मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी, लिलाव करते. त्यात सगळ्यात जास्त पैसे लावणारा जिंकतो असं नाही. प्रत्येक जाहिरातीचं एक एकूण मूल्य निघतं. तुमची बोली, ही समोरची बाई तुम्हाला हवी ती कृती करेल याचा अंदाज, आणि जाहिरातीचा दर्जा, या तिन्हींवरून ते ठरतं. मराठी आणि कन्नड अशा तुमच्याच दोन जाहिराती एकाच बाईसाठी एकाच वेळी पात्र ठरल्या, तर यंत्रणा त्यातली जास्त मूल्याची एकच आत सोडते आणि दुसरी बाहेर ठेवते. मार्केट यार्डात सौद्याला एकाच घरचे दोन भाऊ उभे राहिले आणि अडत्याने "तुमच्यातला एकच बोला" म्हटलं, तसंच हे. त्यामुळे तुमची मराठी जाहिरात कन्नड जाहिरातीचा भाव चढवत नाही. मित्राचं तेवढं बोलणं सोडून द्या.

तरीही तुमचा खर्च दुपटीच्या वर गेलाय हे खरं आहे. तो दोन वाटांनी चढला.

पहिली वाट बाहेर ठेवलेल्या जाहिरातीची. कॅम्पेनच्या आत ठिकाण, वय, भाषा ठरवणारा जो गट असतो, त्याला अ‍ॅड सेट म्हणतात. प्रत्येक अ‍ॅड सेटला सुरुवातीला शिकायला वेळ लागतो. कोण चौकशी करतं, कोण नुसतं बघून पुढे जातं, हे यंत्रणेला कळायला साधारण आठवड्यात 50 निकाल लागतात. तुमच्या बाबतीत एक निकाल म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालेलं एक संभाषण. 28 रुपयांच्या भावात 250 रुपयांना रोज जवळपास 9 संभाषणं मिळायची, आठवड्याला 60 च्या वर. म्हणजे चारही कॅम्पेन 50 ची रेघ ओलांडत होती. 61 च्या भावात रोज 4, आठवड्याला 28-29. आता एकही ओलांडत नाही. तुमच्या खानापूर कॅम्पेनच्या Delivery रकान्यात Learning limited लिहिलंय, त्याचं कारण हेच. कायम बाहेर उभं राहणाऱ्या जाहिरातीला शिकायला मिळत नाही, शिकली नाही की तिचा अंदाज कच्चा राहतो, आणि कच्च्या अंदाजाने ती पुढच्या लिलावात पुन्हा मागे पडते.

दुसरी वाट आत्याची. पहिल्यांदा तुमची साडी बघून तिने कदाचित थांबून बघितलं असेल. सहाव्यांदा ती थांबत नाही, नुसतं वर सरकवते. कधी कंटाळून Hide ad सुद्धा दाबते. यंत्रणा हे टिपत असते. कृती होण्याचा अंदाज खाली येतो, लपवणाऱ्या वाढल्या तर दर्जाही घसरतो आणि एकूण मूल्य कमी होतं. मग तीच जागा जिंकायला तुम्हाला जास्त पैसे मोजावे लागतात. भाव चढवतेय ती कंटाळलेली आत्या. पुनरावृत्तीची किंमत तुम्ही भरताय.

आता हे एवढं एकावर एक आलं कसं? तुम्ही तर चार वेगळी कॅम्पेन केलीत, मनात चार वेगळे ग्राहक धरून. इथे आपल्या सीमाभागाच्या काही गोष्टी आहेत, बाहेरगावच्या एजन्सीला त्या सहसा सुचत नाहीत.

भाषेचं आधी बघू. तुमच्या मराठी आणि कन्नड कॅम्पेनमध्ये भाषेचा रकाना मोकळा आहे. म्हणजे यंत्रणेच्या लेखी दोन्ही जाहिराती त्याच शहरातल्या, त्याच वयाच्या, त्याच बायकांसाठी आहेत. जाहिरातीवर मराठी अक्षरं लिहिली म्हणून ती मराठी घरातच जाईल असं काही नसतं. तुम्ही म्हणाल, मग भाषा निवडतो. तेही करू नका. तो रकाना माणूस फेसबुक कोणत्या भाषेत वापरतो त्यावर चालतो, घरात काय बोलतो त्यावर नाही. टिळकवाडीतल्या, वडगावातल्या किती बायकांचा फोन मराठीत आहे ते जरा ओळखीत विचारून बघा. बहुतेकींचा इंग्रजीत असतो. मराठी निवडलंत तर मराठी घरातली निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं हातची जातील. शिवाय बेळगावात साडी घ्यायला आलेली बाई दुकानात मराठीत भाव करते, शेजारणीशी कन्नडात बोलते आणि फोन इंग्रजीत चालवते. तिला एका भाषेच्या खणात बसवायचा प्रयत्नच चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट खानापूरची. बेळगावभोवती तुम्ही 25 किलोमीटरचं वर्तुळ टाकलंय आणि खानापूरभोवती 20 चं. दोन्ही गावांत अंतरच पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तेव्हा वर्तुळं एकमेकांत शिरली हे नकाशावरच दिसतं. पण तुम्ही ती कापून अगदी वेगळी केलीत तरी माणसं वेगळी होणार नाहीत. कारण मेटाच्या ठिकाणाच्या निवडीचा अर्थ त्या भागात राहणारी किंवा नुकतीच तिथे येऊन गेलेली माणसं असा आहे. पूर्वी फक्त राहणारी अशी वेगळी निवड करता यायची, आता ती सोय नाही. नंदगडची बाई बाजाराला, दवाखान्याला, मुलीच्या कॉलेजला बेळगावात येऊन गेली की काही काळ ती तुमच्या दोन्ही कॅम्पेनमध्ये असते. पलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या बायकांचंही तसंच. ज्या गावाची बाजारपेठ बेळगाव आहे त्या गावासाठी वेगळं कॅम्पेन काढायचं, तर ही गोष्ट धरूनच चालावं लागतं.

तिसरी गोष्ट बस्त्याची. त्यात तुम्ही वय 22 ते 35 ठेवलंय आणि बाकीच्यांत 22 ते 55, म्हणून ते वेगळं आहे असं तुम्हाला वाटतं. मुळात 22 ते 35 हे 22 ते 55 च्या पोटातच येतं. वर तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये Advantage+ audience चालू दिसतंय. ते चालू असताना वयाची वरची मर्यादा, स्त्री-पुरुष ही निवड आणि आवडीनिवडी या यंत्रणेला फक्त सूचना असतात. ठिकाण, किमान वय, भाषा आणि वगळलेल्या याद्या एवढंच ती कडकपणे पाळते. म्हणजे 35 ची रेघ तुमच्या डोक्यात आहे, लिलावात ती नाही.

आणि या तिन्हींच्या वर एक कारण आहे, माझ्या मते सगळ्यात मोठं. चारही कॅम्पेनला तुम्ही एकच काम दिलंय: व्हॉट्सअ‍ॅपवर संभाषण सुरू करणाऱ्या बायका शोधा. चौघीही मग त्याच बायकांच्या मागे लागतात. तुमच्या अ‍ॅड सेटमध्ये बेळगाव भागातल्या पात्र लोकांचा अंदाज दीड लाखाच्या आसपास दिसतो. मराठी आणि कन्नड कॅम्पेनने आंधळेपणाने त्यातल्या कुणालाही गाठलं असतं, तर 42,000 आणि 38,000 मध्ये समान बायका निघाल्या असत्या साडेदहा हजारांच्या आसपास (42,000 गुणिले 38,000 भागिले 1,50,000). प्रत्यक्षात काय झालं? या दोघांचाच रीच मिळून 80,000 होतो आणि चारही कॅम्पेनची मिळून वेगवेगळी माणसं 54,000 आहेत. म्हणजे किमान 26,000 जणींना दोन्ही जाहिराती दिसल्यात. अडीचपट. हा योगायोग नव्हे. जी बाई पटकन मेसेज करते असं यंत्रणेला वाटतं, तीच दोन्हीकडे पहिल्यांदा निवडली जाते. बाकी लाखभर बायका मेसेज करायला जरा मागेपुढे बघणाऱ्या, त्यांच्याकडे चारपैकी कुणीच फारसं फिरकत नाही.

म्हणूनच Audiences मध्ये दोन-तीन याद्या निवडून Show audience overlap दाबून जी टक्केवारी मिळते, तिच्यावर मी फार भर देत नाही. ती सांगते की दोन याद्यांत किती लोक समान असू शकतात. 40 टक्के आलं की लोक घाबरतात. पण यादी मोठी आणि बजेट लहान असेल, तर दोन्ही जाहिराती त्याच माणसाला गाठतीलच असं नाही. उलट कमी टक्के असूनही वरच्या कारणाने नेमकी तीच माणसं दोन्हीकडे सापडतात. काय होऊ शकतं यापेक्षा काय झालं ते बघावं, आणि ते त्या तळाच्या ओळीत लिहिलेलं असतं.

आता करायचं काय. कोणतं बंद करू असं तुम्ही विचारलंत. एक बंद करून उरलेली तीन तशीच चालू ठेवलीत, तर महिनाभरात पुन्हा इथेच याल. माझा सल्ला असा की चारही मिळून एक करा. एक कॅम्पेन, एक अ‍ॅड सेट, बेळगाव आणि खानापूर दोन्ही ठिकाणं त्याच अ‍ॅड सेटमध्ये, भाषेचा रकाना मोकळा, बजेट रोज 1,000. आजच्या 61 च्या महाग भावातसुद्धा आठवड्याला 115 च्या आसपास संभाषणं एका जागी जमा होतील. 50 ची रेघ सहज ओलांडली जाईल. आणि जाहिराती त्याच्या आत ठेवा: मराठीतल्या दोन, कन्नडातल्या दोन, बस्त्याच्या दोन. कोणत्या बाईला कोणती दाखवायची हे मग एकाच ठिकाणी ठरतं, एकाच अनुभवावरून.

बस्ता आत घेताना तुमचा जीव खालीवर होईल, कारण तिथे बिल मोठं असतं. पण बस्ता कोण ठरवतं ते दुकानात रोज बघता तुम्ही. नवरीबरोबर आई येते, काकू येते, मावशी येते, आणि शेवटचा शब्द बऱ्याचदा तिशीतल्या मुलीचा नसतो. बस्त्याची जाहिरात पन्नाशीतल्या बाईला दिसली तर काही बिघडत नाही, उलट बरंच आहे.

हे करताना हात कसा चालवायचा ते नीट सांगते, कारण इथे घाईने नुकसान होतं. नवीन कॅम्पेन काढू नका. ज्याचं शिकणं झालंय, ज्याला सगळ्यात जास्त निकाल मिळालेत, ते धरा. तुमच्याकडे ते मराठी आहे. त्यात खानापूरचं ठिकाण, बाकीच्या जाहिराती आणि वाढीव बजेट एकाच बैठकीत घाला. नवी जाहिरात घातली, ठिकाण बदललं किंवा बजेट एकदम खूप वाढवलं की अ‍ॅड सेट पुन्हा शिकायला बसतो. एकदाच सगळं केलंत तर एकदाच बसेल. आज जाहिरात, परवा बजेट, रविवारी ठिकाण असं केलंत तर दर वेळी नव्याने. जाहिराती हलवताना Use existing post निवडा आणि आधीचीच पोस्ट उचला. कन्नड जाहिरातीखाली "ರೇಟ್ ಎಷ್ಟು" म्हणजे भाव किती असं विचारणाऱ्या बायकांची भलीमोठी रांग तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतेय, ती तशीच राहील. नव्याने जाहिरात बनवलीत तर ती कोऱ्या पाटीने सुरू होते. हे झालं की बाकीची तीन कॅम्पेन त्याच दिवशी थांबवा आणि सात दिवस कशालाही हात लावू नका. तिसऱ्या दिवशी भाव वर गेलेला दिसेल, बाबा विचारतील, तेव्हाही नाही.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट करा. ज्यांनी नुकताच मेसेज केलाय, त्यांना या अ‍ॅड सेटमधून वगळा. Custom audience मध्ये फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम अकाउंट निवडून, मेसेज पाठवणाऱ्यांची 30 दिवसांची यादी बनते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या आणि बिल झालेल्या गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्याकडे असतील, तर 91 लावून त्यांचीही यादी चढवता येते. मात्र ज्यांनी खुशीने नंबर दिलाय त्यांचेच घ्या. सगळे नंबर जुळत नाहीत, पण जेवढे जुळतील तेवढ्या बायका सुटतील. काल पाच हजारांची साडी घेऊन गेलेल्या बाईला आज तीच जाहिरात दाखवण्यात तुमचा पैसा आणि तिचा सद्भाव दोन्ही जातात. वर सांगितलं तसं, वगळलेली यादी यंत्रणा कडकपणे पाळते, तेव्हा हे कुंपण पक्कं असतं.

या मार्गाचं एक नुकसान आहे, तेही आधी माहीत असू द्या. एकाच अ‍ॅड सेटमध्ये सहा जाहिराती ठेवल्या की यंत्रणा दोन-चार दिवसांत एखादीच्या प्रेमात पडते आणि बहुतेक पैसा तिच्यावर लावते. तुमच्याकडे ती मराठीतली असेल असा माझा अंदाज आहे, आणि कन्नड जाहिरातीला रोजचे पन्नास रुपयेही मिळणार नाहीत. बेळगाव शहरापुरतं ते चालून जाईल, कारण ती मराठी जाहिरात वाचणाऱ्यांत कन्नड घरच्या बायकाही आहेत. पण तुम्हाला कन्नड गिऱ्हाईक खरंच वाढवायचं असेल, तर त्याच शहरात दुसऱ्या भाषेचं कॅम्पेन काढून ते होणार नाही. त्यासाठी भाग वेगळा घ्या. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक इकडे फक्त कन्नड जाहिरात, स्वतंत्र अ‍ॅड सेट, आणि त्यातून बेळगाव शहराचं वर्तुळ वगळलेलं. तिकडची माणसं बेळगावात येतात, त्यामुळे थोडी सरमिसळ उरणारच, पण ती आजच्यासारखी घराघरांतून नसेल. मात्र हे आत्ता नको. पहिला अ‍ॅड सेट स्थिर झाल्यावर, आणि त्याच्या हजारातून न कापता वेगळे पैसे निघत असतील तरच. आठवड्याला 50 संभाषणांचा हिशेब तिथेही लागू आहे.

मराठी चालते की कन्नड, हे जाणून घ्यायची उत्सुकता तुमच्या पत्रात दिसते. दोन कॅम्पेन शेजारी चालवून ते कळत नाही, कारण 26,000 बायकांनी दोन्ही बघितल्यात आणि मेसेज कशामुळे केला ते कोण सांगणार? Experiments मध्ये A/B test लावा. तिथे लोकांचे दोन गट पाडले जातात आणि एका गटातल्या बाईला दुसऱ्या गटाची जाहिरात दिसत नाही. दोन आठवडे चालवा, बाकी सगळं सारखं ठेवा, फक्त भाषा वेगळी. लग्नसराई संपल्यावर शांतपणे करण्यासारखं काम आहे ते.

फ्रिक्वेन्सीवर मर्यादा घालता येते का, असं कुणी सांगेल. येते, पण ती अवेअरनेस प्रकारच्या कॅम्पेनमध्ये, आणि तीही एका अ‍ॅड सेटपुरती. चार ठिकाणी "आठवड्यातून दोनदा" अशी मर्यादा घातली तरी आत्याला आठ वेळा दिसू शकते. तुमच्या दुखण्यावर ते औषध नाही.

सात दिवस झाले की आठवड्याचा काळ निवडून तीन आकडे शेजारी ठेवा: फ्रिक्वेन्सी, एका संभाषणाचा खर्च आणि रीच. 5.74 हा आकडा महिन्याचा होता, तो आठवड्याच्या आकड्याशी ताडू नका. काळ लांबला की फ्रिक्वेन्सी वाढतेच. बदलाच्या आधीच्या आठवड्याची तळाची ओळ काढून ठेवा आणि तिच्याशी ताडा. तेवढ्याच 7,000 रुपयांत रीच वाढला आणि फ्रिक्वेन्सी उतरली, म्हणजे जाहिरात नव्या घरांत जाऊ लागली. खर्च उतरायला त्यानंतर आणखी आठवडा लागू शकतो. रीच वाढला, फ्रिक्वेन्सी उतरली, तरी दुसऱ्या आठवड्यातही संभाषण 60 च्या आसपासच राहिलं, तर दुखणं ओव्हरलॅपचं उरलं नाही असं समजा. मग फोटो बघा, भाव लिहिलाय का बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर किती वेळात जातं ते बघा. आणि सणाच्या तोंडावर मोठे ब्रँड पैसा ओततात तेव्हा हजार इंप्रेशनचा भावच सगळ्यांसाठी चढतो. दिवाळीचा आठवडा श्रावणातल्या आठवड्याशी ताडून निष्कर्ष काढू नका.

काही महिन्यांनी एकाच अ‍ॅड सेटमध्येही फ्रिक्वेन्सी चढू लागेल, कारण बेळगाव-खानापूरचा दीड लाख हा काही अथांग समुद्र नाही. तेव्हा मोह होईल पाचवं कॅम्पेन काढायचा. त्याऐवजी त्याच अ‍ॅड सेटमध्ये दोन नव्या साड्यांचे फोटो घाला आणि थकलेल्या दोन जाहिराती काढा, किंवा निपाणी-संकेश्वरचा भाग ठिकाणांत जोडा. तिथली मंडळी बस्त्यासाठी कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडे बघतात, आणि आजवर तुमची जाहिरात त्यांच्यापर्यंत फारशी गेलेली नाही.